घरून काम करताना दिवस संपतच नसेल तर: माझा अनुभव

साताऱ्यात मी घरून एकटाच भाषांतराचे काम करतो. रात्री अकरालाही ग्राहकांना उत्तरे देणे सुटत नव्हते आणि दूधवाल्याशी होणारे दोन शब्द सोडले तर दिवसभर कोणाशी बोलणे होत नसे. याने मी अगदी खचलो होतो. गजर लावून पाहिला, खोली बदलली, उपयोग झाला नाही.

लागू पडलेला क्रम असा. संध्याकाळी सहाला ग्राहकांना कळवतो की आता उत्तर उद्या सकाळी दहाला मिळेल. मग कोणत्या परिच्छेदावर थांबलो आणि कोणता शब्द अडला आहे हे चिठ्ठीवर लिहितो, कारण अडलेला शब्द डोक्यात राहिला की रात्री लॅपटॉप पुन्हा उघडला जातो. त्यानंतर लॅपटॉप चार्जरसह कपाटात ठेवतो. साडेसहाला शेजारचे काका दारात हाक मारतात आणि आम्ही अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चालायला निघतो. मुदतीच्या आठवड्यात मात्र परतल्यावर तासभर बसावेच लागते.