लोकल अडकली आणि अकराची मुलाखत: या चुका टाळा

समजा तुम्ही डोंबिवलीत राहता आणि वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, सकाळी ११ वाजता मुलाखत आहे. ९:१०ची जलद लोकल मिळाली. सुरळीत चालली तर ती दहाच्या आसपास कुर्ल्याला सोडते. तिथून शेअर रिक्षा, मग इमारतीच्या गेटवरची नोंद. हिशेब बरोबर आहे. पण ९:४०ला गाडी मुलुंड सोडल्यावर थांबते ती थांबतेच. पाऊस, सिग्नलमधला बिघाड, कारण काहीही असो. डब्यात कोणालाच काही कळत नाही.

इथे बहुतेक उमेदवार वाट बघतात. 'सुटेल आता' म्हणत १०:५० वाजतात, मग घाईघाईने 'पाच मिनिटांत पोहोचतो' असा मेसेज जातो आणि माणूस पोहोचतो ११:३५ला. मी मुलाखतींचं वेळापत्रक लावण्याचं काम करते, म्हणून खात्रीने सांगते: त्या दिवशी तुमचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं उशिरामुळे नाही, या पाच मिनिटांमुळे होतं. त्या शब्दावर विसंबून मी पॅनेलला खोलीत बसवून ठेवलेलं असतं. उशीर आधी कळला असता तर पुढच्या उमेदवाराला आत पाठवता आलं असतं.

म्हणून कळवायचं केव्हा, हे उलटं मोजून ठरवा. गेटवर ओळखपत्र दाखवणं, फोटो, पास, लिफ्टची रांग, याला १५ मिनिटं धरा. सकाळच्या गर्दीत कुर्ला स्थानकाबाहेर रिक्षाची रांग आणि पुढचा रस्ता मिळून ३० मिनिटं. जिथे गाडी उभी आहे तिथून कुर्ल्यापर्यंत आणखी १५. एकूण एक तास. म्हणजे १० वाजेपर्यंत गाडी हलली नाही, तर तुमच्या हाताशी असलेला जास्तीचा वेळ संपला. कळवायची वेळ तीच. ११ वाजायला अजून तास आहे, 'कदाचित पोहोचेनही' असं वाटेल, तरी कळवा. वेळेवर पोहोचलात तर कोणाचंच काही बिघडत नाही.

आता कळवायचं कोणाला? मुलाखतीचा ईमेल पुष्कळदा अशा पत्त्यावरून येतो, ज्यावर उत्तर पाठवलं तरी कोणी वाचत नाही. कॅलेंडरचं निमंत्रण भलत्याच व्यक्तीच्या नावाने असतं. म्हणून आदल्या दिवशीच समन्वय करणाऱ्या एचआरचा नंबर शोधून फोनमध्ये सेव्ह करा आणि एका कागदावरही लिहून ठेवा. नंबर दिलेलाच नसेल तर 'उद्या काही अडचण आली तर कोणाशी बोलू?' असं विचारायला अजिबात संकोच करू नका. कन्सल्टन्सीमार्फत जात असाल तर नुसतं कन्सल्टंटला सांगून थांबू नका. तो दुसऱ्या कॉलवर असला की तुमचा निरोप तिथेच अडकतो. दोघांनाही कळवा.

आधी फोन करा. उचलला नाही तर लगेच मेसेज, आणि तोच मजकूर ईमेलवर. ज्या भाषेत त्यांनी तुम्हाला लिहिलं त्याच भाषेत लिहा. मजकूर इतकाच पुरे:

'नमस्कार, आज ११ वाजता अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी माझी मुलाखत आहे. मध्य रेल्वेची लोकल मुलुंड आणि घाटकोपरच्या दरम्यान थांबली आहे. मी ११:३०पर्यंत पोहोचेन. ती वेळ पॅनेलला सोयीची नसेल तर आजचीच नंतरची वेळ चालेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' खाली पूर्ण नाव आणि नंबर.

यातली ११:३० ही वेळ नीट पाहा. गाडी दहा मिनिटांत सुटली तर तुम्ही ११:१०ला पोहोचता. तरी ११:१० लिहू नका. पहिला उशीर लोक समजून घेतात. सांगितलेली वेळ दुसऱ्यांदा पुढे ढकलली की तुमच्या कुठल्याच शब्दावर भरवसा उरत नाही. उशीर अर्ध्या तासापेक्षा जास्त होणार असेल तर 'येतोय' असं न सांगता, येऊ का, असं विचारा. एका उमेदवाराला साधारण ३० ते ४५ मिनिटं दिलेली असतात, म्हणजे तुमची वेळ तोवर संपलेली असते.

मेसेजमध्ये पुरावे जोडू नका. गर्दीचा फोटो, बातमीची लिंक, सकाळपासूनची हकिकत, यातलं काहीच लागत नाही. आणि खोटं कारण तर मुळीच देऊ नका. एचआरमधली मंडळीही त्याच लोकलने येतात. कोणती लाइन ठप्प आहे हे त्यांच्या एम-इंडिकेटरवरही दिसत असतं. घरातून उशिरा निघाला असाल तर 'मला निघायला उशीर झाला' एवढं सरळ लिहा.

निरोप गेल्यावर मार्ग बदलायचा का, हा पुढचा प्रश्न. गाडी स्थानकात उभी असेल तरच बदला. रुळांवर उतरून चालू नका. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहेच, पण त्याआधी शेजारच्या रुळावरून येणारी गाडी जीव घेऊ शकते. घाटकोपरपर्यंत पोहोचलात आणि पुढे गाड्या बंद असतील तर मेट्रो १ने मरोळ नाका आणि तिथे बदलून मेट्रो ३ने बीकेसी, असा रस्ता आहे. लांबचा वाटतो, पण पावसात तुंबलेल्या एलबीएस रोडवरच्या रिक्षेपेक्षा त्याची वेळ सांगता येते.

पोहोचल्यावरची चूक वेगळी असते. धापा टाकत, भिजलेल्या शर्टाने थेट खोलीत शिरणं. रिसेप्शनला आल्याची नोंद करा आणि 'दोन मिनिटांत तयार होते' किंवा 'होतो' असं सांगून स्वच्छतागृहात जा. तोंड धुवा, पाणी प्या, सर्टिफिकेटांची फाइल कोरडी आहे का बघा. आधीच उशीर झालेला असतानाही ही दोन मिनिटं घ्याच, कारण धाप लागलेली असताना पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुटक येतं आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, 'स्वतःबद्दल सांगा'वाला प्रश्न असतो.

आत गेल्यावर माफी एकदाच. 'वाट पाहावी लागली, त्याबद्दल क्षमस्व. वेळ बदलून दिलीत, आभारी आहे.' मग बसा. अनेक चांगले उमेदवार इथे घसरतात: मध्येच 'आज सकाळपासून जरा गडबडच झाली' म्हणतात, अडखळलं की पुन्हा लोकलचा विषय काढतात. पॅनेल तोवर तो उशीर विसरलेलं असतं आणि तुम्हीच त्याची आठवण करून देता. त्यांनी स्वतःहून विचारलं तर एका वाक्यात सांगा. रेल्वेची तक्रार सुरू करू नका.

वेळ कमी उरली असेल तर उत्तरं आखूड ठेवा आणि शेवटी विचारा, 'घाईत काही राहिलं असेल तर मी लेखी पाठवू का?' संध्याकाळच्या आभाराच्या ईमेलमध्ये उशिराची पुन्हा क्षमा मागण्यापेक्षा हेच करा. जीएसटी रिकन्सिलिएशनच्या प्रश्नावर वेळ पुरला नाही ना? मग त्याचं उत्तर पाच-सहा ओळींत नीट लिहून पाठवा. आणि त्यांनी आज जमणार नाही म्हणून सांगितलं असेल, तर त्याच दिवशी दुपारपर्यंत तुम्हाला जमणाऱ्या दोन तारखा कळवा. नव्या दिवशी बीकेसीत एक तास आधी पोहोचायचं आणि गेटवर मात्र ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच जायचं.