‘केली जाईल’ला हात लावण्यापूर्वी

बडोद्यात मराठी मुद्रितशोधन म्हटलं की लोकांना स्मरणिका आणि लग्नपत्रिका आठवतात. माझ्याकडे मात्र पहिल्या वर्षापासून जास्त काम आलं ते नियमावल्यांचं आणि करारांचं. इथल्या जुन्या मराठी मंडळांचे सभासद मराठी वाचतात, कचेरीत द्यायची प्रत गुजराती असते, आणि एखादा ठेकेदार इंग्रजी मागतो. एकच मजकूर तीन भाषांमधून फिरून आपल्या टेबलावर येतो. या कामात नव्याने येणाऱ्यांच्या हातून एक चूक वारंवार होते, आणि ती मीही केली आहे. बंधन सांगणाऱ्या कलमात ‘केले जाईल’ दिसलं की त्याचं ‘अमक्याने करावे’ करून टाकायचं.

तेव्हा मी रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात शिकत होते. एका मंडळाच्या सभागृहाच्या भाड्याचे नियम प्रूफाला आले होते, चार पानं. त्यातलं नववं कलम असं होतं:

‘कार्यक्रमानंतर सभागृहाची सफाई केली जाईल. सफाई न झाल्यास तिचा खर्च अनामत रकमेतून वळता केला जाईल.’

पहिलं वाक्य मला अर्धवट वाटलं. सफाई करणार कोण? सभागृह भाड्याने घेतो तोच, असं मी गृहीत धरलं आणि समासात लिहिलं: ‘कार्यक्रमानंतर भाडेकरूने सभागृहाची सफाई करावी.’ वाक्य नेटकं झालं होतं. ऑपरेटरने दुरुस्ती घातली, मंडळाच्या माणसाने वरवर नजर फिरवून सही केली, आणि दोनशे प्रती छापून गेल्या.

प्रूफासोबत न आलेलं एक पान होतं, परिशिष्ट ‘अ’. त्यात कोणतं काम कोणाकडे, याचा तक्ता होता. सभागृहाची झाडलोट आणि फरशी धुणं ठेकेदाराकडे, त्याचे पैसे भाड्यातच धरलेले. स्वयंपाकघर मात्र बाहेरचा आचारी आणला तर त्या आचाऱ्याने साफ करायचं, आणि मंडळाचा आचारी असेल तर ठेकेदाराने. म्हणजे मूळ वाक्यात करणारा नव्हता त्याला कारण होतं. करणारा दर वेळी वेगळा होता आणि तो परिशिष्टात नीट सांगितलेला होता.

पुढे एका मुंजीनंतर ठेकेदाराने नववं कलम पुढे केलं, माणसं घेऊन निघून गेला. मंडळाने दुसऱ्या वाक्याच्या आधाराने अनामत रकमेतून पैसे कापले. मुलाच्या वडिलांकडे परिशिष्ट होतं. सफाईचे पैसे भाड्यात दिलेले असताना ते दुसऱ्यांदा का कापले, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मंडळाने पैसे परत केले, आणि उरलेल्या सगळ्या प्रतींवर मी स्वतः शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

छापखान्यातले सगळ्यांत जुने मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, “वाक्य चांगलंच केलंस गं. पण जो माणूस वाक्यात नव्हता, तो तू कुठून आणलास?”

त्या प्रश्नानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला. ‘कर्मणी टाळा, कर्तरी लिहा’ हा सल्ला आपल्याकडे इंग्रजी लेखनाच्या शिकवणीतून आला. इंग्रजीत वाक्य कर्मणी झालं की करणारा सहज गळून पडतो, म्हणून तिथे करारात कर्तरीचा आग्रह धरतात. मराठीत गोष्ट वेगळी आहे. ‘भाडेकरूने हिशेब द्यावा, पावती द्यावी, भाडे द्यावे’ ही वाक्यं बघा. क्रियापद हिशेब, पावती, भाडे यांच्या लिंगाप्रमाणे बदलतंय, भाडेकरूप्रमाणे नाही. म्हणजे ज्याला आपण ‘सरळ’ वाक्य समजतो, तेही व्याकरणाने कर्मणीच आहे. फक्त त्यात करणारा ‘ने’ लावून हजर आहे. ‘जाणे’ हे क्रियापद जोडून केलेल्या ‘दिले जाईल’ला आपली व्याकरणं नवीन कर्मणी म्हणतात. त्याचंच भावंड ‘देण्यात येईल’. बडोद्यात ते जास्त दिसतं, कारण गुजरातीत ‘आपवामां आवशे’ अगदी रोजचं आहे आणि भाषांतर करणारा ते तसंच उतरवतो.

म्हणून बंधनाच्या कलमात प्रयोग कोणता, हे आधी बघायचंच नाही. करणारा वाक्यात आहे की नाही, आणि नसेल तर तो दस्तऐवजात दुसरीकडे कुठे सापडतो का, हे बघायचं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे काम झालं नाही, तर कोणाच्या दारात जायचं? उत्तर व्याख्यांच्या कलमात, आधीच्या उपकलमात किंवा परिशिष्टात मिळालं, तर वाक्य जसंच्या तसं सोडायचं. तिथे पुन्हा करणारा घातला तर एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली जाते, आणि उद्या परिशिष्ट बदललं की दोन्हींत भांडण लागतं.

कधी उत्तर असं येतं की कोणीही केलं तरी चालेल. ‘भाडे दरमहा ५ तारखेपर्यंत भरले जाईल’ हे कलम घ्या. जबाबदारी भाडेकरूची, हे आधीच्या कलमात आहे. पैसे मात्र त्याचा पुण्याचा मुलगा पाठवतो. १८७२च्या करार कायद्याच्या चाळिसाव्या कलमाचा रोख असाच आहे: वचन देणाऱ्याने स्वतःच काम करावं असा पक्षांचा हेतू दिसत असेल तर त्यानेच केलं पाहिजे, एरवी तो योग्य माणसाकडून ते करून घेऊ शकतो. गायकाचा कार्यक्रम किंवा चित्रकाराचं चित्र असेल तर करणाऱ्याचं नाव हवंच. पण काम ‘स्वतःच करायचं’ आहे की नाही हे पक्ष ठरवतात. आपण ‘भाडेकरूने स्वतः’ असं लिहून वाक्य ठसठशीत केलं, तर त्यांनी न केलेला करार आपण केला असं होतं.

आणि एक प्रकार असा, ज्याला कधीच हात लावायचा नाही. ‘नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस दहा दिवसांनी पोचली असे मानले जाईल.’ इथे कोणीच काही करायचं नाहीये. हे बंधन नसून कागदानेच ठरवलेला परिणाम आहे. एका शिकाऊ मुलाने याचं ‘भाडेकरूने नोटीस पोचली असे मानावे’ केलेलं मी पाहिलं आहे. अर्थ पार बदलला. आता भाडेकरू म्हणू शकतो, मी नाही मानत. ‘मानले जाईल’, ‘समजले जाईल’, ‘ग्राह्य धरले जाईल’ ही रूपं दिसली की पेन्सिल खाली ठेवा.

रूप बदलण्यात आणखी एक धोका आहे. ज्या करारात सगळीकडे ‘जाईल’ आणि ‘राहील’ आहे, तिथे एकाच कलमात ‘करावे’ आलं, तर वाचणारा वकील विचारणारच की इथे वेगळा शब्द का? ‘करावे’ आज्ञेसारखं वाचता येतं आणि सूचनेसारखंही. ‘करील’ किंवा ‘करणे बंधनकारक राहील’ यात तशी पळवाट नाही. एक कलम सुधारताना त्याचा जोर नकळत कमी होतो, आणि भाषा सुधारल्याच्या समाधानात ते आपल्या लक्षात येत नाही.

मग गप्पच बसायचं का? नाही. एका ठिकाणी मात्र ठामपणे थांबायचं, ते म्हणजे ‘कडून’. ‘ठेकेदाराकडून नुकसानभरपाई घेतली जाईल’ म्हटलं तर भरपाई देणारा ठेकेदार, यात शंका नाही. पण ‘मंडळाकडून थकबाकी वसूल केली जाईल’ हे वाचा. वसूल करणारं मंडळ, की जिच्याकडून वसुली होणार ती संस्था मंडळ? मराठीत ‘कडून’ दोन्ही सांगतं, आणि पैशाच्या कलमात दोन्ही अर्थ तितकेच सरळ बसतात. असं ‘कडून’ दिसलं की मी क्रियापदाजवळ दोन प्रश्न लिहून बघते, कोण देणार आणि कोण घेणार. एकाचं जरी उत्तर फक्त अंदाजाने मिळालं तरी लेखकाला विचारते. ‘द्वारे’ घालून सोडवू नका. ‘मंडळाद्वारे’ कानाला हिंदी लागतं, आणि लेखकाला दुसराच अर्थ हवा असेल तर चूक आणखी पक्की होते.

बाकी जे आपलं आहे ते मोकळेपणाने दुरुस्त करायचं. ‘रक्कम परत केले जाईल’चं ‘केली जाईल’, ‘पावत्या दिले जाईल’चं ‘दिल्या जातील’. गुजरातीतून उतरवलेल्या मजकुरात लिंगवचनाच्या या चुका हमखास असतात, कारण नामाचं लिंग बदलतं पण क्रियापद मूळ भाषेतल्यासारखंच राहतं. ‘भाडुआत’चं ‘भाडेकरू’ करायचं. तारखा, रकमा, कलमांचे क्रमांक, ‘वरील’ आणि ‘खालील’ नेमकं कुठे बोट दाखवतात, हे तपासायचं. यातल्या कशानेही कोणाची जबाबदारी इकडची तिकडे होत नाही.

आणि जिथे करणारा सापडत नाही, तिथे समासात प्रश्न. प्रश्न विचारतानाही उत्तर सुचवायचं नाही. ‘इथे भाडेकरू हवा ना?’ असं लिहिलं की घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणून सही करतो, आणि आपण पुन्हा त्याच खड्ड्यात. त्या नियमांची पुढच्या वर्षीची आवृत्ती माझ्याकडेच आली, तेव्हा नवव्या कलमासमोर मी एवढंच लिहिलं: ‘सफाई कोणी करायची ते परिशिष्ट अ मध्ये आहे, असे समजून वाक्य तसेच ठेवले आहे. परिशिष्ट प्रूफासोबत आलेले नाही. कृपया पाठवा.’ दुसऱ्या दिवशी परिशिष्ट आलं. त्यात अंगणाचं नावच नव्हतं.