काजूगराचे थकलेले पैसे: दावापूर्व मध्यस्थी आणि संक्षिप्त दावा कसा करावा

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखानदाराचं उदाहरण घेऊ. त्याने कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याला डब्ल्यू-३२० प्रतीचा काजूगर तीन खेपांत दिला. १० मार्च २०२३ चं बिल ३,२०,००० रुपयांचं, १८ मार्चचं ४,००,००० चं आणि ५ एप्रिलचं २,४०,००० चं. प्रत्येक बिलावर ‘उधारी ३० दिवस’ असं छापलेलं. मध्ये १,५०,००० रुपये बँकेतून आले, ते पहिल्या बिलात जमा धरले. बाकी राहिली ८,१०,०००. त्यानंतर फोन, आश्वासनं आणि शेवटी मौन.

ही बाकी व्यापारी वादात मोडते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याची किमान रक्कम १ कोटीवरून ३ लाखांवर आली, त्यामुळे असे दावे आता जिल्हा पातळीवरच्या वाणिज्यिक न्यायालयात जातात. मित्राला हातउसने दिलेले पैसे मात्र यात येत नाहीत.

आधी कागद हातात घ्या

संक्षिप्त दाव्यात, म्हणजे वकील ज्याला समरी सूट म्हणतात त्यात, प्रतिवादीला आपोआप बचाव करता येत नाही. त्याला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. एवढी सवलत मिळते ती ठरावीक रकमेसाठी आणि लेखी करार, हुंडी, वचनचिठ्ठी किंवा हमीपत्राच्या आधारावर. व्यापाऱ्याने सही करून स्वीकारलेलं बिल असा लेखी करार म्हणून पुढे करता येतं.

म्हणून बिलाची पोच-प्रत उजेडात धरून पाहा. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत बहुतेक वेळा तिथे टेम्पोवाल्याची सही असते. ती माल गाडीत चढल्याची सही आहे, खरेदीदाराने माल घेतल्याची नाही. कोल्हापूरच्या गोदामात माल उतरताना खरेदीदाराचा शिक्का, सही आणि तारीख पडली असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर ई-वे बिल, वाहतूक पावती आणि खरेदीदाराने सही केलेलं बाकी-पत्रक गोळा करा. व्हॉट्सॲपवर ‘माल मिळाला, पुढच्या आठवड्यात पैसे पाठवतो’ असा निरोप असेल तर तो फोन सांभाळून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तो पुरावा म्हणून देता येतो.

मुदत मोजा

उधारीचा काळ संपल्यापासून तीन वर्षं. आपल्या उदाहरणात पहिल्या बिलाची उधारी ९ एप्रिल २०२३ ला संपली, म्हणजे त्याची मुदत ९ एप्रिल २०२६ पर्यंत. तिसऱ्याची ५ मे २०२६ पर्यंत. प्रत्येक बिल वेगळं मोजायचं. बँकेतून आलेल्या रकमेवर विसंबून मुदत वाढली असं धरू नका. मुदत संपण्याआधी खरेदीदाराची सही असलेली लेखी कबुली घ्या. तिच्यापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात.

मध्यस्थीचा अर्ज

बरेच जण वकिलाची नोटीस पाठवली की थेट दावा लावतात, आणि इथेच दावे पडतात. वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याच्या कलम १२-अ नुसार तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दावा दाखल करण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशनच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये हे पक्कं केलं: २० ऑगस्ट २०२२ पासून मध्यस्थीशिवाय आलेला असा दावा फेटाळला जातो. नुसती पळवाट म्हणून तातडीचा अर्ज जोडला तर न्यायालय तोही तपासतं. समोरचा खरंच गोदाम विकून पसार होतोय आणि त्याचा पुरावा हातात असेल, तर गोष्ट वेगळी.

अर्ज नमुना १ मध्ये, १,००० रुपये शुल्कासह जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. सिंधुदुर्गसाठी ते कार्यालय ओरोसला आहे. माल वेंगुर्ल्यातून विकला आणि पैसे इथल्याच बँकेत यायचे होते, त्यामुळे वादाचं कारण अंशतः इथेच घडलं. कोल्हापूरला जावं लागेल असं गृहीत धरू नका. अर्जातली रक्कम, बिलांचे क्रमांक आणि तारखा पुढे दाव्यात येतील तशाच लिहा. दोन्हींत फरक दिसला की समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

प्राधिकरण खरेदीदाराला नोटीस काढतं आणि दहा दिवसांत हजर राहायला सांगतं. नोटीस पोचली नाही किंवा उत्तर आलं नाही तर अंतिम नोटीस निघते. त्यावरही तो आला नाही किंवा आला आणि नकार दिला, तर ‘नॉन-स्टार्टर’ अहवाल मिळतो. ही प्रत जपा, ती दाव्याला जोडायची आहे.

तो तयार झाला तर ३ ते १० लाखांच्या दाव्याला मध्यस्थीचं शुल्क १५,००० रुपये, दोघांनी निम्मं-निम्मं. वेळ तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तडजोड झाली तर ती हप्त्यांच्या तारखांसह लिहून घ्या आणि ‘एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय’ हे वाक्य विसरू नका. सही झालेल्या तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं. ती मोडली तर नवा दावा न लावता अंमलबजावणीसाठी दरखास्त देता येते.

मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. पण समोरचा आलाच नसेल तर किती दिवस वगळायचे यावर वाद उभा राहू शकतो. म्हणून अर्ज मार्चअखेरीस न करता जानेवारीतच करा.

दावा मांडताना

दाव्याच्या शीर्षकात क्रमांकाखाली ‘दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ अन्वये’ असं लिहा. आदेश ३७ बाहेरची कोणतीही मागणी केलेली नाही, हेही दाव्यात स्पष्ट म्हणा. बाजारभाव पडल्याने झालेलं नुकसान, मानसिक त्रास, असलं काही त्यात घातलं की संक्षिप्त दाव्याची सवलत धोक्यात येते. व्याजाचा दर बिलावर छापलेला असेल तरच तो ठाम मागा. शिवाय सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची यादी जोडावी लागते.

समन्स बजावल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीने हजेरी लावायची. नाही लावली तर दाव्यातलं म्हणणं कबूल धरून हुकूमनामा मिळतो. लावली तर आपण निकालासाठीचं समन्स काढतो. त्यासोबत रक्कम खरी असल्याचं आणि बचाव नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मग त्याला दहा दिवसांत बचावाच्या परवानगीचा अर्ज द्यावा लागतो.

खरी लढाई या अर्जावर होते. समजा खरेदीदार म्हणतो, ‘तिसऱ्या खेपेत तुकडाच जास्त होता.’ तेव्हा दोन गोष्टी पाहा. माल मिळाल्यावर त्याने तुकड्याची तक्रार केली होती का, की महिनाभराने त्याच खेपेबद्दल ‘पैसे पाठवतो’ असं लिहिलं? निरोप असा असेल तर बचाव कमकुवत आहे आणि न्यायालय रक्कम जमा करण्याच्या अटीवर परवानगी देऊ शकतं किंवा परवानगीच नाकारू शकतं. तक्रार वेळेत आणि कागदावर असेल, तर बिनशर्त परवानगी मिळण्याची तयारी ठेवा. मग दावा नेहमीच्या व्यापारी दाव्यासारखा चालतो.

दुसरं, वाद फक्त २,४०,००० च्या खेपेचा आहे. पहिल्या दोन बिलांची उरलेली रक्कम, म्हणजे ५,७०,०००, त्याने कबूल केली असेल, तर ती न्यायालयात भरल्याशिवाय त्याला परवानगी मिळू नये असं आदेश ३७ च्या नियम ३ मध्येच आहे. सुनावणीच्या दिवशी हा आकडा बिलवार मांडून कागदावर तयार ठेवा आणि न्यायालयाला तो जमा करण्याचा आदेश मागा.