दवाखान्यातल्या मित्राशी काय बोलावं?

निघण्याआधी मेसेज करा: "आज येऊ का? थकला असशील तर नको म्हण, उद्या विचारतो." त्याला नाही म्हणणं सोपं जायला हवं. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर मात्र जाऊच नका. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील तर तुमची साधी सर्दीही त्याला जड जाऊ शकते.

आत शिरताना 20 ते 30 सेकंद हातांना सॅनिटायझर चोळा आणि खुर्ची ओढून बसा. उभं राहिलात तर त्याला मान वर करून बोलावं लागतं, शिवाय तुम्ही आता निघणार असंच त्याला वाटत राहतं.

"कसा आहेस?" याला सवयीनं "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "रात्री झोप लागली का?" असं विचारा. आजाराचा विषय काढायचा की नाही, हे त्याच्यावर सोडा: "रिपोर्टबद्दल बोलायचंय, की दुसरं काही बोलू?"

माझा एक मित्र बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघत होता. म्हणाला, "भीती वाटतेय रे." मी लगेच म्हटलं, "काही होणार नाही, पॉझिटिव्ह राहा." तो कसनुसं हसला आणि त्यानं विषय बदलला. काही होणार नाही हे मला तरी कुठे माहीत होतं? मी त्याला धीर देत होतो, पण त्याला कळलं ते एवढंच, की भीतीबद्दल याच्याशी बोलता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काल घाईत बोललो. कशाची भीती वाटतेय तुला?" तो बराच वेळ गप्प होता. मीही गप्प बसलो, आणि हेच सगळ्यात अवघड असतं. अशा वेळी मनात दहापर्यंत मोजावं, पण मधे बोलू नये. मग तो म्हणाला, "मुलीला काय सांगू, हेच कळत नाहीये." मी एवढंच म्हटलं, "अवघड आहे रे. मलाही सुचत नाहीये. पण मी आहे." त्यानंतर तोच बोलत राहिला.

त्याला रडू आलं तर "रडू नकोस" म्हणू नका, नुसते जवळ बसा. "माझ्या काकांनाही हेच झालं होतं, ठणठणीत झाले" हेही नको. त्यांचा आजार वेगळा, याचा वेगळा.

"काही लागलं तर सांग" म्हटलं की मागायचं ओझं त्याच्यावरच पडतं. "गुरुवारी मुलीला क्लासहून मी आणू का?" असं विचारलं तर त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं.

पंधरा-वीस मिनिटांत उठा. उत्तरं तुटक येऊ लागली किंवा डोळे मिटू लागले, तर त्याआधीच. निघताना "शनिवारी पाचला येतो" असं सांगा, पण खरंच येणार असाल तरच. जमणार नसेल तर सकाळीच कळवा, नाहीतर तो पाच वाजल्यापासून दाराकडे बघत बसतो.