को-लिव्हिंग की शेअर फ्लॅट? पहिल्या वर्षी या चुका टाळा

हिंजवडीत जॉब लागला की पहिली चूक सगळे हीच करतात, को-लिव्हिंगचं भाडं १५,००० आणि फ्लॅटचा शेअर १०,००० बघून ठरवून टाकतात की फ्लॅटच स्वस्त. थांबा, ११ महिन्यांचा हिशोब करा.

समजा वाकडमध्ये टू बीएचके ३०,००० ला, तिघांत. तुमचे १०,०००, वर मावशी, किराणा, लाईट, वायफाय मिळून ४,५००, म्हणजे १४,५००. ११ महिन्यांचे झाले १,५९,५००. त्यात एका महिन्याच्या ब्रोकरेजमधला तुमचा वाटा १०,००० आणि गादी-कपाट-मिक्सरचे ८,०००, एकूण १,७७,५००. को-लिव्हिंगमध्ये जेवण, साफसफाई, वायफाय धरून १५,००० आणि एसीचं लाईटबिल वेगळं १,०००, म्हणजे १,७६,०००. गंमत म्हणजे पहिल्या वर्षी दोन्ही जवळपास सेमच! फ्लॅटचा फायदा दिसतो दुसऱ्या वर्षी, ब्रोकरेज आणि सामान परत लागत नाही तेव्हा, आणि तेही तोच फ्लॅट टिकला तर.

आता खरी गोची. आमच्या फ्लॅटमधला एक जण चौथ्या महिन्यात बंगळूरला गेला, नवीन माणूस मिळेपर्यंत दोन महिने आम्ही दोघांनी ३०,००० भरले, म्हणजे प्रत्येकी १०,००० जास्तीचे गेले. वर ॲग्रीमेंट आणि डिपॉझिट त्याच्याच नावावर, मालक म्हणाला पैसे त्यालाच परत देणार. म्हणून लिव्ह अँड लायसन्समध्ये तिघांचीही नावं टाका, आणि सोडणाऱ्याने बदली माणूस आणायचा किंवा एक महिन्याचा शेअर भरायचा हे आधीच लिहून घ्या, नुसतं ग्रुपवर "हो रे" म्हणून चालत नाही. महाराष्ट्रात हे ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर्ड असणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार सक्तीचं आहे आणि जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे "नोटरी पुरे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

को-लिव्हिंगवाले या भानगडीत पडत नाहीत, रूममेट गेला तर बेड भरायचं टेन्शन त्यांचं. पण तिथली चूक म्हणजे लॉक-इन न वाचणं. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल आणि चौथ्या महिन्यात प्रोजेक्ट बदलला, तर डिपॉझिट जातं किंवा उरलेल्या महिन्यांचं भाडं मागतात, नेमकं काय ते कलमात बघा. प्रोबेशनवर असाल तर शक्यतो तीन महिन्यांच्या वरचा लॉक-इन घेऊच नका.

अजून एक, जुन्या टॅक्स रिजीममध्ये एचआरए क्लेम करणार असाल तर बिलावर "भाडं" आणि "जेवण-सर्व्हिस" वेगळं दाखवलंय का ते आधी विचारा, एचआरए फक्त भाड्यावर मिळतो. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर गेलं की कंपनी घरमालकाचा पॅन मागते, फ्लॅटवाले मालक तो द्यायला जाम कुरकुरतात, त्यामुळे टोकन द्यायच्या आधीच विषय काढा.