प्लग काळा दिसला म्हणून लगेच कार्ब्युरेटर खोलू नका

आधी बाईक ८-१० किमी एकसारख्या स्पीडने चालवा, क्लच दाबून किल स्विचने बंद करा आणि इंजिन थंड झालं की प्लग काढा, कारण नुसत्या आयडलवर चांगला प्लगपण काळा पडतो. आता बोट फिरवा. कोरडी काजळी लागली तर मिक्श्चर रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आधी चोक आणि एअर फिल्टर बघा. फोरस्ट्रोकमध्ये ओलं, तेलकट काळं लागलं तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग नाहीतर व्हॉल्व्ह सील, तिथे जेटिंग करून काहीच उपयोग नाही. फिका तपकिरी असेल तर हात लावू नका. मिक्श्चर बरोबर असूनही कोरडी काजळी येतच राहिली तर प्लग जास्त थंड प्रकारचा आहे, म्हणजे उष्णता लवकर सोडतो आणि काजळी जळत नाही. एनजीकेमध्ये हीट रेंजचा नंबर लहान तेवढा प्लग गरम, बॉशमध्ये मात्र उलटं असतं.