गोळी बंद केली, तरी पायांची सूज का उतरत नाही? औषधाच्या अर्धायुष्याबाबत या चुका टाळा

औषध रक्तात जितकं असतं, त्याच्या निम्मं व्हायला जितका वेळ लागतो, ते त्या औषधाचं अर्धायुष्य. डॉक्टर त्याला हाफ-लाइफ म्हणतात. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन ते तीन तासांचं असतं. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनचं मात्र 30 ते 50 तासांचं. बहुतेक चुका या फरकाकडे लक्ष न दिल्यामुळे होतात आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या बाबतीत त्या इतक्या ठरावीक आहेत, की याच एका गोळीवरून सगळा विषय समजून घेता येईल.

चूक पहिली: दोन अर्धायुष्यांत औषध संपतं असं धरणं

अर्धायुष्य 40 तासांचं, म्हणजे 80 तासांनी सगळं औषध शरीराबाहेर, असा हिशेब बरेच जण मांडतात. तो चुकीचा आहे. पहिल्या 40 तासांत निम्मं जातं, पुढच्या 40 तासांत उरलेल्याचं निम्मं, मग त्याच्याही निम्मं. शंभरातले पन्नास उरतात, मग पंचवीस, साडेबारा, सहाच्या आसपास आणि पाचव्या वेळी तीन. म्हणून औषध जवळजवळ संपलं असं म्हणायला साधारण पाच अर्धायुष्यं मोजतात. अ‍ॅम्लोडिपिनसाठी ते 200 तास होतात, म्हणजे आठ दिवसांहून थोडं जास्त.

चूक दुसरी: तिसऱ्या दिवशी "गोळी लागू पडत नाही" असं ठरवून डोस वाढवणं

सगळ्यात जास्त त्रास या चुकीमुळे होतो, म्हणून हिशेब नीट पाहू. रोज सकाळी 5 मिलिग्रॅमची एक गोळी आणि अर्धायुष्य 40 तास असं धरा. समजायला सोपं जावं म्हणून गोळीतलं सगळं औषध अंगात जातं असंही मानू. 24 तासांत साधारण एक तृतीयांश औषध बाहेर पडतं, दोन तृतीयांश उरतं. म्हणजे दुसरी गोळी घेताना पहिल्या गोळीतले सुमारे 3.3 मिलिग्रॅम अजून अंगात आहेत. दुसरी गोळी घेतल्यावर ते 8.3 होतात, तिसरीनंतर 10.5, चौथीनंतर जवळपास 12. आठव्या गोळीला आकडा 14 च्या थोडा वर जातो आणि 15 च्या जरा आत येऊन थांबतो. थांबण्याचं कारण साधं आहे: 15 चा एक तृतीयांश 5. रोज जितकं आत येतं तितकंच बाहेर पडू लागतं. यालाच स्थिर पातळी म्हणतात. तिथवर पोचायलाही तीच पाच अर्धायुष्यं लागतात.

आता तिसऱ्या दिवशी बीपी अजून 150 दिसलं म्हणून कुणी आपल्या मनाने दोन गोळ्या सुरू केल्या, तर काय होईल? त्याने निर्णय घेतला तेव्हा अंगात साडेदहा मिलिग्रॅम होते. दुसऱ्या आठवड्यात ते 29 च्या घरात जातील, जवळपास तिप्पट. चढ सावकाश असल्यामुळे पहिले दोन-तीन दिवस बरंच वाटतं. मग उभं राहताना चक्कर येते, चेहरा लाल होतो, संध्याकाळी घोटे सुजतात आणि तेव्हा डोस वाढवल्याची आठवणही राहिलेली नसते.

डोस बदलायचा की नाही हे डॉक्टर साधारण एक ते दोन आठवड्यांनी ठरवतात, ते यामुळेच. रक्तदाबावरचा पूर्ण परिणाम दिसायला तर त्याहूनही थोडा जास्त वेळ लागू शकतो. तोवर घरी बीपी मोजायचं तर रोज एकाच वेळी, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा. पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नका. मात्र आकडा 180/120 च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा हात-पाय लुळे पडणं असं काही असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

चूक तिसरी: गोळी थांबवली, पण सूज आहे तशीच, म्हणजे कारण दुसरंच आहे असं मानणं

अ‍ॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं. त्यापुढच्या शिरा त्या मानाने सैल होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी आजूबाजूच्या ऊतींमध्ये झिरपतं आणि ते घोट्यापाशी साचतं. अंगात पाणी जास्त झाल्याने ही सूज येत नाही, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. डोसाशी मात्र तिचा थेट संबंध आहे: चाचण्यांमध्ये 5 मिलिग्रॅमवर सुमारे 3 टक्के लोकांना सूज आली, 10 मिलिग्रॅमवर सुमारे 11 टक्के लोकांना.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी बंद झाली, तरी वरच्या हिशेबाप्रमाणे शेवटच्या गोळीनंतर अडीच दिवसांनी अंगात अजून 5 मिलिग्रॅम शिल्लक असतात, म्हणजे पहिली गोळी घेतल्यावर होते तितकेच. मग सूज दुसऱ्या दिवशी कशी उतरेल? आठ-दहा दिवस द्या आणि रोज संध्याकाळी नडगीच्या खालच्या भागावर अंगठा दाबून खड्डा किती खोल पडतो ते बघा. दिवसागणिक तो उथळ होत गेला पाहिजे. दोन आठवड्यांनीही फरक नसेल तर कारण खरोखर दुसरं असू शकतं. सूज एकाच पायाला असेल आणि पोटरी दुखत असेल, किंवा सुजेबरोबर दम लागत असेल, तर मात्र एक दिवसही वाट पाहू नका.

याच दिवसांत नवी गोळी सुरू झाली असेल, तर पहिला आठवडाभर दोन्ही औषधांचा परिणाम एकत्र होतो. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर काठावर बसा.

चूक चौथी: चुकलेल्या गोळीची भरपाई दोन गोळ्यांनी करणं

एक दिवस गोळी राहिली तर पातळी नेहमीच्या तळापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने खाली जाते, शून्यावर जात नाही. दोन गोळ्या एकदम घेण्याची गरजच नसते. पुढची गोळी ठरल्या वेळी घ्या.

चूक पाचवी: शेजाऱ्याचा हिशेब स्वतःला लावणं

अ‍ॅम्लोडिपिन यकृतात मोडतं. वय जास्त असेल किंवा यकृत कमजोर असेल तर अर्धायुष्य 60 तासांपर्यंत लांबू शकतं. मग त्याच 5 मिलिग्रॅमच्या गोळीने पातळी 15 ऐवजी 20 च्या पुढे जाते आणि तिथे पोचायला बारा-तेरा दिवस लागतात. अशा रुग्णांना 2.5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात ती यासाठी. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिकही हे औषध मोडण्याची क्रिया मंदावतं, म्हणून नवं औषध लिहून घेताना बीपीची गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा.

एक अपवाद

अर्धायुष्यावरून परिणाम किती टिकेल हे नेहमीच कळत नाही. अ‍ॅस्पिरिनचं अर्धायुष्य जेमतेम 15 ते 20 मिनिटांचं आहे, पण तेवढ्या वेळात ते रक्तातल्या प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेट स्वतः ते दुरुस्त करू शकत नाही आणि ती सात ते दहा दिवस जगते. औषध रक्तातून कधीच गेलेलं असतं, पण रक्तस्राव थांबायला लागणारा वेळ वाढलेलाच राहतो, नव्या प्लेटलेट तयार होईपर्यंत. म्हणून दात काढण्याआधी किंवा शस्त्रक्रियेआधी "अ‍ॅस्पिरिन परवाच घेतली होती" हेसुद्धा डॉक्टरांना सांगायचं असतं. हृदयासाठी ती चालू असेल तर आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही.